गैरहजर विश्वस्ताला लिहायचे पत्र

सार्वजनिक न्यासाचा एखादा विश्वस्त सभांना येईनासा झाला, की मंडळात सहसा दोनपैकी एक गोष्ट घडते. एक तर सगळे गप्प बसतात, कारण माणूस वयाने मोठा असतो, संस्थेसाठी त्याने कधीकाळी खस्ता खाल्लेल्या असतात आणि त्याला विचारायचे कोणी, हा प्रश्न असतो. नाही तर ही गप्प बसण्याची वर्षे सरल्यावर एखाद्या वादाच्या निमित्ताने अचानक राग बाहेर पडतो आणि एकाच सभेत, ऐनवेळच्या विषयांत, त्याचे नाव कमी करण्याचा ठराव होतो. पहिल्या वागण्याला आपण आदर म्हणतो आणि दुसऱ्याला शिस्त. माझ्या मते दोन्हींत एकच उणीव आहे: संस्थेची घटना कोणी उघडून पाहिलेली नसते. घटनेत लिहिल्याप्रमाणे वेळेवर पाठवलेले, कारण विचारणारे पत्र हा त्या माणसाचा मान राखण्याचाही सर्वांत चांगला मार्ग आहे, हे मला येथे मांडायचे आहे.

महाराष्ट्रात सोसायटी म्हणून १८६० च्या कायद्याखाली नोंदलेली बहुतेक वाचनालये, शिक्षणसंस्था आणि मंडळे १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाखालीही नोंदलेली असतात, आणि त्यांच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य विश्वस्ताच्या जबाबदारीने काम करत असतात. कंपनीचा संचालक बारा महिन्यांतल्या एकाही संचालक मंडळाच्या सभेला आला नाही, तर २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १६७ प्रमाणे त्याचे पद रिक्त होते. रजा घेतली होती की नव्हती हेही तेथे पाहिले जात नाही. विश्वस्ताबद्दल असा सरसकट हिशेब विश्वस्तव्यवस्था अधिनियमात नाही. किती सभा चुकल्या म्हणजे पद जाते, ते कोण ठरवणार आणि आधी काय विचारणार, हे त्या त्या संस्थेच्या घटनेवर सोडलेले आहे. म्हणून शेजारच्या संस्थेत काय केले, याला येथे फारशी किंमत नाही.

एक उदाहरण घेऊ. ते कल्पित आहे, पण अशा संस्था तालुक्याच्या गावांत भेटतात. एका वाचनालयाचे सात विश्वस्त आहेत आणि गणपूर्ती चारची आहे. घटनेतील नियम असा: ‘जो विश्वस्त सबळ कारणाशिवाय व लेखी रजा न घेता लागोपाठ तीन सभांना अनुपस्थित राहील, त्याचा खुलासा मागवून मंडळास त्याचे पद बहुमताने रिक्त ठरवता येईल.’ सभेची सूचना सात पूर्ण दिवस आधी प्रत्येकाच्या हाती लेखी पडली पाहिजे, असाही नियम आहे. जे विश्वस्त येत नाहीत ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे निवृत्त मुख्याध्यापक आहेत आणि गाव त्यांना गुरुजी म्हणूनच ओळखते. जानेवारी, मार्च, मे, जुलै आणि सप्टेंबर अशा पाच सभा झाल्या आणि ते एकालाही आले नाहीत. अध्यक्ष म्हणतात, पाच झाल्या, आता नोटीस काढा.

चिटणीसांनी येथे कागद काढून बसायला हवे. सभेची तारीख, सूचनेचा जावक क्रमांक, सूचना कशी आणि कधी पोचली, आणि इतिवृत्तात त्या सभेच्या हजेरीबद्दल नेमके काय लिहिले आहे, एवढे चार रकाने पुरतात. जानेवारीची सूचना वेळेत, सहीच्या पोचीने दिलेली आहे. मार्चची सूचना मात्र केवळ व्हॉट्सअॅपच्या गटावर टाकली होती आणि गुरुजी त्या गटात नाहीत. ज्या सभेचे बोलावणेच नियमाप्रमाणे मिळाले नाही, तिला न येणे ही त्यांची गैरहजेरी धरता येत नाही. उलट त्या सभेतले ठरावच वादात येऊ शकतात. मेची सूचना नीट गेली, पण इतिवृत्ताच्या पहिल्या परिच्छेदात चिटणीसांनी सवयीने लिहून टाकले आहे की अनुपस्थित सदस्यांची रजा मंजूर करण्यात आली. मंडळाने स्वतःच रजा दिली असेल, तर तीही सभा मोजता येणार नाही. राहिल्या जुलै आणि सप्टेंबर. मधली साखळी तुटल्यामुळे जानेवारी वेगळी पडली आणि ज्यांना पाच म्हटले जात होते त्या सलग मोजता येण्याजोग्या सभा दोनच निघाल्या.

रजेच्या त्या एका वाक्याने अनेक संस्थांचे हात बांधले गेलेले असतात. पण त्याहून वाईट म्हणजे इतिवृत्ताची वही घरी पाठवून न आलेल्या विश्वस्ताची सही घेण्याची पद्धत. हे आदरापोटी केले जाते असे सांगतात, पण गणपूर्ती भरून काढणे हाच त्यामागचा खरा हेतू असतो. सातांपैकी एक कधीच येत नाही आणि दोघे आजारी पडतात, तेव्हा उरलेल्या चौघांपैकी एकाची एसटी चुकली तरी सभा होत नाही. मग झालेली दाखवायची. त्या सहीने एक खोटी नोंद होते, आणि पुढे कधी गैरहजेरीचा प्रश्न आला तर तीच वही त्या विश्वस्ताची साक्षीदार ठरते: पाहा, मी हजर होतो. अशी सही त्यांच्याही हिताची नाही. अधिनियमाच्या कलम ३६अ नुसार विश्वस्ताने न्यासाचा कारभार स्वतःच्या कारभारासारखा, सामान्य शहाणपणाने करायचा असतो. मुदतठेव चुकीच्या ठिकाणी ठेवली गेली किंवा हिशेब वेळेत सादर झाले नाहीत, तर ज्यांनी न वाचता सही केली त्यांनाही उत्तर द्यावे लागते. ‘मी तर येतच नव्हतो’ हा त्यावर बचाव होत नाही, कारण न येणे हाच मुळात दोष आहे.

गणपूर्तीअभावी तहकूब झालेल्या सभेचाही येथे विचार करायला हवा. बऱ्याच घटनांत अशी सभा अर्ध्या तासाने किंवा आठवड्याने त्याच विषयांवर भरते. ती मूळ सभेचीच पुढची बैठक असल्यामुळे तिची गैरहजेरी वेगळी धरू नये. तीन सभांचा आकडा लवकर गाठण्यासाठी एकाच महिन्यात दोन विशेष सभा लावणे तर त्याहून हलके. कागदावर ते नियमात बसेलही, पण तारखा पाहणाऱ्या कोणालाही हेतू दिसतो.

आपल्या वाचनालयाने म्हणून नोव्हेंबरच्या सभेपर्यंत थांबायचे आहे. हे थांबणे अध्यक्षांना आवडणार नाही. पण थांबण्याचा फायदा असा, की मधल्या दोन महिन्यांत जे मुळातच करायला हवे होते ते करता येते. सूचना सात पूर्ण दिवस आधी हाती पडायची असेल, तर ज्या दिवशी ती मिळाली तो आणि सभेचा दिवस हे दोन्ही सोडून मधले सात मोजायचे. सभा वीस तारखेची असेल तर सूचना बारा तारखेपर्यंत पोचलेली हवी, आणि टपालाने पाठवायची तर त्याआधी आणखी काही दिवस धरायला हवेत. या सूचनेसोबत चिटणीसांनी दोन ओळींचे वेगळे पत्र जोडावे: आपण जुलै व सप्टेंबरच्या सभांना येऊ शकला नाहीत, घटनेतील अमुक नियम आपल्या माहितीसाठी सोबत जोडला आहे, या सभेस येणे शक्य नसल्यास कृपया रजेचा लेखी अर्ज पाठवावा. आणि एकाने त्यांच्याकडे जाऊन यावे. जाणारा माणूस शक्यतो त्यांच्या वयाचा, त्यांना नावाने किंवा ‘अहो गुरुजी’ म्हणून मोकळेपणाने बोलू शकणारा असावा. अध्यक्षांनी चार जणांना घेऊन जाणे म्हणजे शिष्टमंडळ झाले. या भेटीची नोंद इतिवृत्तात करू नये आणि तेथे झालेले बोलणे पुढे पुरावा म्हणून वापरू नये. घरात चहा घेताना माणूस म्हणतो, ‘आता काय, तुम्हीच बघा’. त्याला राजीनामा समजणे अप्रामाणिकपणाचे आहे.

तारीख न घातलेल्या राजीनाम्यावर सही मागणे हाही असाच एक प्रकार आहे. तो सोयीचा वाटतो, पण ज्या दिवशी त्यावर तारीख घातली जाते त्या दिवशी ती तारीख दुसऱ्याच कोणाची असते. राजीनामा हवा असेल तर तो त्यांनी स्वतःच्या शब्दांत, स्वतःच्या तारखेने द्यावा, आणि तो द्यायचा नसेल तर तसे म्हणण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे.

समजा नोव्हेंबरच्या सभेलाही ते आले नाहीत आणि अर्जही आला नाही. आता तीन झाल्या. या सभेने पद रिक्त ठरवायचे नाही. घटनेतील क्रम आधी खुलासा, मग निर्णय असा आहे. या सभेचा ठराव एवढाच असावा की अमुक तीन सभांच्या अनुपस्थितीबद्दल नियमानुसार खुलासा मागवण्यात यावा. काही घटनांत ‘खुलासा मागवून’ हे शब्द नसतात आणि पद ‘आपोआप रद्द होईल’ असे लिहिलेले असते. तेव्हा सल्ला देणारे म्हणतात, मग विचारायचे कशाला. मला हा सल्ला धोक्याचा वाटतो. सबळ कारण होते की नव्हते, सूचना मिळाली होती की नव्हती, या गोष्टी आपोआप ठरत नाहीत, कोणीतरी ठरवतो. आणि ज्याच्याविरुद्ध ठरवायचे त्याला न विचारता ठरवले, तर नैसर्गिक न्यायाचा पहिलाच प्रश्न उद्या धर्मादाय कार्यालयात उभा राहतो.

पत्राची भाषा हा या सगळ्यातला सर्वांत नाजूक भाग आहे. अनेक नोटिसा ‘आपण संस्थेच्या कामात रस घेत नाही, त्यामुळे संस्थेचे अपरिमित नुकसान झाले आहे’ अशा वाक्याने सुरू होतात. रस आहे की नाही हे चिटणीसांना कसे कळले? नुकसान झाले असेल तर किती आणि कोणते? ज्या वाक्याला कागदाचा आधार नाही ते पत्रात नको, एवढी एक कसोटी लावली तरी नोटिशीतला अपमान आपोआप गळून पडतो. मी असे पत्र लिहीन:

‘सप्रेम नमस्कार. मंडळाच्या दिनांक अमुक, अमुक व अमुक रोजीच्या सभांच्या सूचना आपणास सोबतच्या तपशिलाप्रमाणे पोचल्या आहेत. या तीनही सभांस आपण उपस्थित नव्हता व आपला रजेचा अर्ज कार्यालयात आलेला दिसत नाही. संस्थेच्या घटनेतील नियम सोबत जसाच्या तसा दिला आहे. या नियमानुसार मंडळाने आपला खुलासा मागवण्याचे ठरवले आहे. सूचना मिळण्यात अडचण आली असल्यास, प्रकृती, प्रवास किंवा अन्य कारण असल्यास, अथवा आमच्या नोंदीत चूक असल्यास, कृपया पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत कळवावे. आपण प्रत्यक्ष भेटून किंवा आपल्या वतीने लेखी कळवू शकता. आपला खुलासा विचारात घेतल्याशिवाय मंडळ याबाबत कोणताही निर्णय घेणार नाही. मुदतीत उत्तर न आल्यास मंडळ उपलब्ध नोंदींवरून विचार करील.’

यात ‘आमच्या नोंदीत चूक असल्यास’ हे शब्द मी मुद्दाम ठेवले आहेत. त्यामुळे समोरच्याला आपला बचाव करण्याऐवजी आपली बाजू मांडता येते, आणि तशी चूक खरोखर असण्याची शक्यताही मार्चच्या सभेने दाखवलीच आहे. शेवटचे वाक्यही टाळू नये. सौजन्याच्या भरात परिणाम न सांगणे म्हणजे त्यांना अंधारात ठेवणे होय. पत्र बंद पाकिटात, पोचपावतीसह टपालाने घरच्या पत्त्यावर जावे आणि त्याची प्रत फक्त दप्तरात राहावी. सूचनाफलकावर ते लावू नये, गटावर टाकू नये, खाली ‘प्रत माहितीसाठी’ म्हणून दहा नावे लिहू नयेत. पाकीट परत आले तर शेरा वाचावा. ‘घेण्यास नकार’ असा शेरा असेल तर पत्र बजावले गेले असेच सामान्यतः धरले जाते. ‘पत्ता सोडून गेले’ असेल तर पत्र पोचलेलेच नाही आणि मुलाकडे पुण्याला किंवा आणखी कोठे राहायला गेले असतील तर तो पत्ता शोधून पुन्हा पाठवावे लागते.

आणि सभांच्या चार रकान्यांचे हेच कोष्टक सातही जणांचे करावे. अध्यक्षांच्या गटातला एखादा विश्वस्तही लागोपाठ तीन सभा चुकला असेल आणि पत्र केवळ गुरुजींना गेले असेल, तर नियम पाळला असे म्हणता येत नाही. अशा वेळी गैरहजेरी हे निमित्त असते आणि पुढच्या निवडणुकीची गणिते कारण असतात. सगळे गाव ते ओळखते.

आता उत्तर आले असे धरू. गुरुजी लिहितात की गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर जिना चढता येत नाही, सभा रात्री आठला वरच्या मजल्यावर असते, आणि हे सांगायला संकोच वाटला. रजेचा अर्ज दिला नाही ही चूक त्यांची आहेच. पण नियमाच्या शब्दांत दोन्ही अटी एकत्र आहेत, सबळ कारण नसणे आणि रजा न घेणे. कारण सबळ असेल तर नियम लागू होत नाही. मंडळाने खुलासा स्वीकारल्याचा ठराव करावा आणि सभा तळमजल्यावरच्या वाचनकक्षात, दिवसा घ्यावी. जर ते म्हणाले की आता होत नाही, पण संस्थेशी नाते तोडायचे नाही, तर घटनेत सल्लागाराची सोय असल्यास ती द्यावी. नसल्यास त्यांना वार्षिक कार्यक्रमांना सन्मानाने बोलवायला कोणत्याही नियमाची गरज नसते. विस्मरणाच्या आजारामुळे ते उत्तरच देऊ शकत नसतील, तर प्रकरण निराळे होते. त्यांनी काही टाळलेले नाही. ते असमर्थ झाले आहेत, आणि त्यासाठी कलम ४७ खाली धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज करण्याचा मार्ग आहे. आजाऱ्याला कसूरदार ठरवणारा ठराव हा संस्थेच्या वहीत कायमचा राहणारा अन्याय होईल.

उत्तर आलेच नाही, किंवा आले आणि ते पटण्यासारखे नव्हते, तर पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय स्वतंत्रपणे, त्यांच्या नावानिशी यावा आणि तिची सूचना त्यांनाही जावी. ते आले तर आधी त्यांचे ऐकावे आणि मतदानाच्या वेळी त्यांना बाहेर थांबण्याची विनंती करावी. ठरावात विशेषण नको: तीन तारखा, सूचना पोचल्याचा उल्लेख, खुलासा मागवल्याची तारीख, उत्तराचा आशय किंवा उत्तर न आल्याची नोंद, नियमाचा क्रमांक, कोणत्या तारखेपासून पद रिक्त, आणि बाजूने व विरोधात किती मते. आभाराचे वाक्य वेगळ्या ठरावात घ्यावे. पद काढून घेणाऱ्या ठरावातच ‘त्यांच्या प्रदीर्घ सेवेबद्दल कृतज्ञता’ आली, की वाचणाऱ्याला ती टोचते.

घटनेत गैरहजेरीचा नियमच नसेल तर मंडळाला तो आजच्या प्रकरणापुरता निर्माण करता येत नाही. सर्वसाधारण सभेत घटनादुरुस्ती करून तो पुढच्या काळासाठी आणता येतो, पण मागच्या सभा त्याने मोजता येणार नाहीत. तोवर जो विश्वस्त खरोखरच कर्तव्याकडे सतत दुर्लक्ष करतो, त्याच्याबाबत दुसरा विश्वस्त किंवा न्यासाशी हितसंबंध असलेली व्यक्ती कलम ४१ड खाली धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज करू शकते. तेथे आरोप निश्चित होतात आणि त्यांना उत्तर देण्याची संधी दिली जाते. हा रस्ता लांबचा आहे आणि दोन्ही बाजूंना थकवणारा आहे, त्यामुळे तो अगदी शेवटी धरावा.

पद रिक्त ठरल्यावर कलम २२ प्रमाणे नव्वद दिवसांच्या आत बदल अर्ज, ज्याला सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात, तो द्यावा लागतो. बदल मान्य होईपर्यंत धर्मादाय कार्यालयाच्या दप्तरात गुरुजींचेच नाव असते. त्यांचे नाव कमी होणार म्हणून त्यांनाही विचारले जाते, आणि त्यांनी हरकत घेतली तर चौकशी लागते. ज्यांनी हरकतीचे अर्ज चालताना पाहिले आहेत त्यांना माहीत आहे की त्यांतला मजकूर क्वचितच नियमांबद्दल असतो. मला विचारले नाही, फलकावर नाव लावले, माझ्या जागी कोण येणार हे आधीच ठरले होते, असे तो असतो. शेवटची तक्रार तर बहुधा खरीच असते, कारण विषय क्रमांक तीन पद रिक्त ठरवणे आणि विषय क्रमांक चार नव्या विश्वस्ताची निवड, अशी विषयपत्रिका छापून आधीच वाटलेली असते. खुलासा ऐकण्यापूर्वी निकाल लागला होता हे सिद्ध करायला हरकतदाराला तेवढा एक कागद पुरतो. निवड पुढच्या सभेत घ्यावी आणि तोवर सहा जणांनी काम चालवावे. चारची गणपूर्ती सहांतही भरते.